‘चाळीस असतील’

औषधांच्या गोदामातल्या रात्रपाळीच्या कारकुनिणीनं कीबोर्ड आपटला. साठ्याचा तक्ता काढणारी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकावरचा छोटासा प्रोग्राम, आजही मध्येच कोसळली होती. पडद्यावर इंग्रजी ओळींचा नुसता ढीग. साहेबांनी कालच सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "आणखी एक रात्र तक्ता आला नाही, तर घरीच बसा."

तिनं दिराला फोन लावला. त्याचं पोट असले प्रोग्राम लिहिण्यावरच चालायचं.

"भाऊजी, पुन्हा बोंबललं."

"काय लिहिलंय, ते वाचलंत का वहिनी?"

"वाचायचं काय त्यात? शिव्या घातल्यासारखं दिसतंय."

"खालून वाचा. काय बिघडलं, ते शेवटच्या ओळीत असतं. वरच्या ओळी म्हणजे कुणी कुणाला काम सांगितलं, त्याची साखळी. त्यात लायब्ररीच्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या फायली भरपूर असतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आपली फाइल शोधा."

शेवटची ओळ सांगत होती, ‘४० असतील’ याचा पूर्णांक होत नाही. अनोळखी फायली ओलांडत ती वर सरकली. तिची स्क्रिप्ट सापडली, ओळ एकसष्ट: नगांचा रकाना आकड्यांत बदल.

म्हणजे स्क्रिप्ट धड होती. कुणीतरी आकड्याच्या जागी शब्द घुसडला होता. तिनं नोंदींमध्ये ‘असतील’ शोधलं. सलाइन, वरचा कप्पा. नोंद मोजणीवाल्या काकांची.

ती तरातरा रॅकपाशी गेली. "काका, तुमच्या या ‘असतील’पायी माझी नोकरी चाललीय!"

काका तिच्यावरच उखडले. "मग काय लिहू? शिडी मोडून किती महिने झाले! खालून दिसतं तेवढं सांगितलं. न मोजता नुसतं चाळीस लिहायला मी काय खोटारडा आहे?"

 तिनं साहेबांना फोन करून झोपेतून उठवलं आणि शिडीचं सांगितलं.

"‘असतील’ खोडा, चाळीस ठेवा," साहेब खेकसले. "डोकं नका खाऊ."

"आणि तिथं वीसच बाटल्या निघाल्या तर?"

फोन कट झाला.

 इतके दिवस ती स्वतःला, मग काकांना बोल लावत होती. तिनं पुन्हा दिराला गाठलं आणि ओळ एकसष्ट बदलली. आता प्रत्येक नोंद वेगळी तपासायची. आकडा नसेल तर अडायचं नाही, शून्यही धरायचं नाही, ती नोंद वेगळी काढून तक्त्याच्या माथ्यावर छापायची.

स्क्रिप्ट शेवटपर्यंत धावली. माथ्यावर आलं: ‘न मोजलेलं: सलाइन, वरचा कप्पा.’ त्यापुढं तिनं स्वतः लिहिलं, ‘शिडी नाही.’ तक्ता रोजच्यासारखा साहेबांना, मालकांना आणि सगळ्या दवाखान्यांना गेला.

साहेबांचा फोन लगेच आला. "कुणाला विचारून पाठवलंत हे?"

"तक्ता हवा होता ना तुम्हाला? आलाय. आता शिडी पाठवा. तोवर रोज हेच छापून येईल."

"उद्यापासून येऊ नका!"

"तसं लिहून द्या," ती म्हणाली, "कारणासकट."