बानूबाईंची घोंगडी

जिंतूरच्या दवाखान्यात एसी सुरू झाला की कुबट वास सुटे. नंबर लावणाऱ्या शीलानं त्याचा ठपका मेंढ्या राखणाऱ्या बानूबाईंच्या घोंगडीवर ठेवला. आठवडाभर पायाच्या ड्रेसिंगला येणाऱ्या बानूबाईंना तिनं बाहेर पायरीवर बसवलं.

आज मिस्त्री हरिओमनं एसी उघडला. कॉइलवर ओलसर मळ होता, ब्लोअरच्या पात्यांत काळी बुरशी.

"ताई, नुसती जाळी धुऊन कसं भागंल? वास हितला हाय."

त्यानं कॉइल फवाऱ्यानं धुतली, ब्लोअर काढून ब्रशनं घासला. बादलीत काळं पाणी उतरलं. मग एसी लावला, तर वासच नाही.

शीला पायरीवर गेली. "मावशी, आत या."

बानूबाईंनी घोंगडीची घडी केली. "ही हितंच ठिवते बाई, लय वास मारती."

शीलाला मान वर करवेना. तिनं घोंगडी उचलली आणि छातीशी धरून आत नेली.