उजवीकडची सही

पत्र माझ्या लेकीनं लिहिलं होतं आणि झकास लिहिलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे झालं त्याचं खापर कुणी तिच्या डोक्यावर फोडायला नको.

गेली चाळीसेक वर्षं उद्यमनगरात मी आणि बाहुबली मगदूम भागीदारीत फाउंड्री चालवत होतो. नाव ‘पिराजी-बाहुबली फाउंड्री’. बाहुबलीला पक्षाघात झाला, उजवं अंग गेलं, आणि पोरांनी ठरवलं की आता भागीदारी पुरे, कंपनी करायची. पोरं म्हणजे माझी तेजस्वी आणि त्याचा वृषभ. दोघं डायरेक्टर झाले. नाव ठेवलं ‘पंचधारा कास्टिंग्ज प्रायव्हेट लिमिटेड’. मला ते नाव एखाद्या साबणाचं वाटलं, पण मला विचारतंय कोण.

मार्चच्या मध्याला तेजस्वीनं सगळ्या गिऱ्हाइकांना पत्र काढलं. एक एप्रिलपासून धंदा कंपनी चालवेल. जागा तीच, माणसं तीच. नवीन ऑर्डरी कंपनीच्या नावानं द्या, तिचा पॅन, जीएसटी नंबर आणि बँक खातं सोबत जोडलंय. पण एकतीस मार्चपर्यंत दिलेल्या ऑर्डरींना हात लागणार नाही. त्यांचा माल ठरल्या दरानं, ठरल्या तारखेला, जुन्या नावानंच येईल. बिल जुन्याच जीएसटी नंबरचं आणि पैसेही जुन्याच खात्यात. तो सगळा माल गेल्यावरच भागीदारी बंद होईल. खाली आणखी एक ओळ होती: खातं बदलल्याची खात्री करायची असेल, तर या पत्रातल्या नंबरवर नको, तुमच्याकडं आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करा. असली पत्रं पाठवून लोकांना गंडवणारे हल्ली फार झालेत म्हणे.

“आबा, सही तुम्ही करा,” ती म्हणाली. “लोक तुमची सही ओळखतात.”

मी केली. हात आपसूक डावीकडं गेला आणि मी ठोकून दिली.

आता हे डावीकडं काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. सुरुवातीला बँकेनं अट घातली होती, चेकवर दोघांच्याही सह्या लागतील. बाहुबली म्हणाला, चेकवर दोन आणि पत्रावर एक, असं कशाला? तेव्हापासून आमच्या फाउंड्रीतून निघालेल्या प्रत्येक पत्रावर डावीकडं माझी सही आणि उजवीकडं त्याची. तो श्रवणबेळगोळला गेला की पत्रं तशीच पडून राहायची आणि मी चिडचिड करायचो. आल्यावर तो शांतपणे एकेक वाचून सही करायचा. वाचल्याशिवाय नाही, हं! मी लिहिलेलं पत्रसुद्धा. फार राग यायचा तेव्हा. आता तो राग आठवला तरी बरं वाटतं.

पत्र गेल्यावर फोन सुरू झाले. तेजस्वी नव्या नंबरांच्या प्रश्नांची तयारी करून बसली होती, पण नंबर कुणीच विचारेना. जो तो इकडचं तिकडचं बोलायचा आणि शेवटी हळूच म्हणायचा, “बाकी घरात सगळं बरं हाय न्हवं?”

मला वाटलं, लोक चांगले आहेत. चौकशी करतात.

मग एक दिवस सकाळी इचलकरंजीहून गुंडूशेठचा टेम्पो दारात उभा राहिला. गुंडूशेठ यंत्रमागाचे सांगाडे बनवतो, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्याच्या ऑर्डरीतला निम्मा माल पोचला होता, निम्मा ओतायचा होता. ड्रायव्हर म्हणाला, “शेठनी पॅटर्नं घेऊन या म्हणून सांगितलंय. सगळी.”

पॅटर्न म्हणजे लाकडी नमुना. वाळूत तो दाबून साचा करायचा आणि त्यात लोखंड ओतायचं. फाउंड्री आमची असली तरी पॅटर्न गिऱ्हाइकाच्या मालकीचं असतं, आणि चालू ऑर्डरीत ते परत मागणं म्हणजे सोयरीक मोडणं. तेजस्वीचा चेहरा उतरला. तिनं फोन लावून स्पीकरवर ठेवला.

“काका, पत्रात लिवलंय की. तुमची ऑर्डर जशीच्या तशी हाय. बिलसुद्धा जुन्याच नावानं येणार.”

“पोरी, पत्र बेस हाय,” गुंडूशेठ म्हणाला. “पण दुसरी सही कुठं हाय?”

तिनं टेबलावरची पत्राची प्रत पुढं ओढली.

“उजवीकडं कोरंच हाय की! बाहुबलीअण्णांचा फोन लावतोय तर तो बंद. नाव बदललं, खातं बदललं, अण्णांचं नाव पुसलं. ही वाटणी न्हाय तर काय? मागं एका फाउंड्रीत असंच भागीदारांचं भांडण झालं. कोर्टानं शेडला कुलूप घातलं आणि माझी पॅटर्नं चार पावसाळं आत कुजली. आता न्हाय थांबायचा मी.”

“गुंडू, कुणाचं भांडण रं?” मी ओरडलो.

“ते तुम्हीच सांगा, दादा. सगळ्या गावात बोलालेत, पिराजीनं आजारी माणसाला बाजूला काढलं.”

माझ्या कानशिलातून वाफ निघाली. ऑर्डर गेली असती तर पोरांनी दुसरी आणली असती. पण मी बाहुबलीला बाजूला काढलं! हे इचलकरंजीपासून जयसिंगपूरपर्यंत लोक बोलत होते आणि मी मात्र ‘घरात सगळं बरं हाय’ म्हणून उत्तरं देत बसलो होतो.

ड्रायव्हरला म्हणालो, “पावणं, चहा घ्या. पॅटर्नाला हात लावू नका.” आणि तेजस्वीला म्हणालो, “गाडी काढ. आधी बाहुबलीकडं.”

बाहुबलीच्या घरी मी संक्रांतीनंतर गेलो नव्हतो. कंपनीची कामं होती. म्हणजे कामं पोरं करत होती, पण मी होतो आपला तिथं. रत्नावहिनींनी दार उघडलं. “भावजी? वाट चुकला काय?” एवढंच म्हणाल्या.

तो खिडकीजवळ बसला होता. डाव्या हातात पेपर, उजवा मांडीवर ठेवलेला, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. शब्द आता त्याच्याकडून सावकाश येतात, म्हणून मी थांबलो. थांबणं मला कधीच जमलं नाही, तरी थांबलो.

“टोपी दे,” तो रत्नावहिनींना म्हणाला.

गाडीत त्याला पुढं बसवलं. तेजस्वी चालवत होती, मी मागं. पूर्वी मोटारसायकलवर मी पुढं असायचो आणि तो मागं, मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला, ओतलेल्या कास्टिंगचा नमुना घेऊन. खड्डा आला की त्याला लागायचं आणि शिव्या मला बसायच्या. त्याच्या शिव्या म्हणजे ‘अरे भल्या माणसा’. परत येताना सूर्य बुडायच्या आत खायला थांबायचं, कारण तो दिवस मावळल्यावर खात नाही. त्यापायी मीही फिरतीवर कधी रात्री जेवलो नाही. जयसिंगपूरहून भडंग घ्यायचो आणि उसाच्या बांधावर बसून उन्हं कलताना खायचो. पंचगंगेचा पूल आला तेव्हा हे सगळं एकदम आठवलं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

गुंडूशेठ कारखान्याच्या दारात उभा होता. त्यानं आधी बाहुबलीला उतरताना पाहिलं, मग त्याच्या काखेत हात घालून धरणाऱ्या मला. त्यानं आत हाक मारून खुर्च्या मागवल्या.

“अण्णा, तुम्हाला काढलं न्हाय न्हवं?” त्यानं सरळच विचारलं. आमच्याकडं आडपडदा नाही.

बाहुबली बराच वेळ शब्द जुळवत होता. मग म्हणाला, “भांडायचं असतं... तर हात चालत हुता... तवाच भांडलो असतो की.”

गुंडूशेठ हसला. तेजस्वी हसली. बाहुबलीचं अर्धं तोंडही हसलं. मग त्यानं पत्र मागितलं. मला वाटलं, दाखवायला मागतोय. पण त्यानं ते वाचलं. सगळं, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत. मग डाव्या हातानं पेन घेतलं.

“अण्णा, राहू दे,” गुंडूशेठ म्हणाला. “तुम्ही आला, बास झालं.”

त्यानं ऐकलं नाही. उजवीकडं, त्याच्या नेहमीच्या जागी, पहिलीतल्या पोरासारखं वाकडंतिकडं नाव काढलं. कायद्यानं त्या सहीची काही गरज नव्हती. तेजस्वीनं डोळे पुसले आणि मला दिसलं नाही असं मी दाखवलं.

गुंडूशेठनं ड्रायव्हरला फोन करून टेम्पो रिकामा परत बोलावला. म्हणाला, “राहिलेला माल जुन्या नावानं येऊ दे. पुढची ऑर्डर नव्या नावानं काढतो, नंबर आमच्या अकाउंटवाल्याला द्या.” तेजस्वीनं तिथंच ठरवलं, की उद्याच दुसरं पत्र काढायचं, मजकूर तोच, पण डावीकडं तिची सही आणि उजवीकडं वृषभची. त्यानंतर कुणी घरात बरं हाय का म्हणून विचारलं नाही. फोन आले ते जीएसटी नंबर विचारायला.

परतताना मी खुशीत होतो. मागून बाहुबलीच्या खांद्यावर थाप मारली. “बघ, लोक काय काय बोलतात! तुला काढलं म्हणं मी!”

त्यानं डाव्या हातानं टोपी नीट केली. मग म्हणाला, “मला पण आलंय.”

“काय?”

“पत्र. आदरणीय ग्राहक.”

तेजस्वीनं गाडी हळू केली. मग तिच्या लक्षात आलं. मागं बाहुबलीनं रुकडीच्या मळ्यातल्या पंपाखाली बसवायला आमच्याकडून एक बेसप्लेट नेली होती. स्वतःचीच फाउंड्री, पण फुकट नेणार नाही म्हणून हट्टानं स्वतःच्या नावचं बिल करायला लावलं होतं. तेव्हापासून कॉम्प्युटरच्या यादीत तो गिऱ्हाईक होता. सगळ्यांना गेलं तसं त्यालाही गेलं.

“काका, चुकलं माझं,” ती म्हणाली.

“तुजं न्हाय,” तो म्हणाला. “कंपनीच्या कागदावर... अंगठा दिला... तवा काय वाटलं न्हाय. पण पत्र आलं... खाली ह्याची एकट्याची सही. रत्ना म्हणाली, फोन करा. म्हटलं... काय विचारू?”

म्हणजे सगळा बाजार जे बोलत होता, ते खिडकीत बसून तोही मनात म्हणत होता, आणि मला फोन लावत नव्हता. मला वाटलं गाडी थांबवावी, उतरावं आणि कुठंतरी चालत सुटावं. त्याचा तो मांडीवरचा हात बघवत नाही म्हणून मी जात नव्हतो, हे मी त्याला कसं सांगणार होतो?

“उद्याच्या उद्या तुजं नाव त्या यादीतनं काढाय लावतो,” मी कसंबसं म्हणालो.

“नको,” बाहुबली म्हणाला. “राहू दे. गिऱ्हाइकाकडं... निदान जातोस तरी तू.”