कढईत उरलेलं

निरीक्षकांनी नोकरीची चौतीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासण्यात घालवली. खोक्यासकट मिठाई तोलणारा माणूस त्यांना दरोडेखोराच्या खालोखाल वाटे. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी डोळ्यांपुढे काटा आला की हात आधी त्याचा शून्य बघायचा.

त्यामुळे रुग्णालयात रुग्णांचा आहार ठरवणाऱ्या आहारताईच्या खोलीत दर सोमवारी एकच प्रकार घडे. वजन त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं करायचं असायचं, पण काट्यावर आधी निरीक्षक चढायचे.

"काटा बरोबर आहे का ते बघतो," ते म्हणायचे, आणि स्वतःचं वजन खणखणीत आवाजात सांगायचे.

"बघा, बघा. नाहीतर मी खोटी भरायची," काकू म्हणायच्या. घशाच्या किरणोपचारांनंतर त्यांचा आवाज चाळणीतून आल्यासारखा येई. एके काळी या आवाजाने साठ मुलांचा वर्ग चिडीचूप होत असे.

मग काकू चढायच्या. चार आठवड्यांत आकडा एकोणपन्नासवरून सेहेचाळीसवर आला होता.

गंमत अशी, की वहीप्रमाणे काकू छान जेवत होत्या. वही निरीक्षकांची. त्यात रोजचा प्रत्येक पदार्थ ग्रॅममध्ये, खाली उष्मांकांची बेरीज आणि बेरजेखाली सही. रोजची सरासरी चौदाशे नव्वद. डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, सरासरी हजाराच्या खाली गेली तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. नळी काकूंना ठाऊक होती. उपचार चालू असताना एकोणीस दिवस ती त्यांच्या नाकात होती. ती काढली त्या दिवशी त्यांनी नवऱ्याकडून वचन घेतलं होतं. "पुन्हा नळी नको. काय वाट्टेल ते करा."

आता डॉक्टर वेगळ्याच काळजीत पडले होते. दीड हजार खाऊनही बाई झिजते, म्हणजे आजार आत कुठेतरी परत आला असणार. दोन तपासण्या झाल्या, दोन्हींसाठी काकूंना उपाशी ठेवलं गेलं. काही सापडलं नाही. तेव्हा डॉक्टरांनी गुरुवारपासून जास्त कडक औषध सुरू करायचं ठरवलं.

त्या सोमवारी निरीक्षक काट्यावर चढले आणि म्हणाले, "एकाहत्तर. बरोबर आहे."

आहारताईचं पेन थांबलं. महिन्यापूर्वी हेच गृहस्थ एकोणसत्तर म्हणाले होते. मधल्या तीन सोमवारी साडेएकोणसत्तर, सत्तर आणि साडेसत्तर. काटा बरोबर होता, हे तर ते स्वतःच दर वेळी सांगत होते.

"काका, उद्या दुपारी तुमच्याकडे येऊ का?" ती म्हणाली. "स्वयंपाक बघायचाय."

"माझा? चव घेऊ नका म्हणजे झालं."

"मी महिनाभर घेतेय," काकू म्हणाल्या. "अजून जिवंत आहे."

दुसऱ्या दिवशी आहारताई ओट्याजवळ स्टूल घेऊन बसली. स्वयंपाकघर प्रयोगशाळेसारखं होतं. खिडकीपाशी काटा, त्याच्या शेजारी वही, वहीला दोऱ्याने बांधलेलं पेन. निरीक्षकांनी रिकामी कढई तोलली, वजन लिहिलं. काकूंचं जेवण वेगळं शिजायचं, छोट्या कढईत. तीस ग्रॅम तेल, शंभर ग्रॅम बटाटा, पन्नास ग्रॅम मटार, थोडा कांदा, मग पाणी. सगळ्याचे मिळून चारशे उष्मांक. शिजल्यावर रस्सा भरला तीनशे पन्नास ग्रॅम.

त्यातला एकशे ऐंशी ग्रॅम काकूंच्या ताटलीत गेला. प्रत्येक घासाला डोळे मिटत त्या अर्धा तास खात होत्या. मग ताटली पुढे सरकवली आणि त्या आतल्या खोलीत गेल्या. ताटलीत सत्तर ग्रॅम उरला होता. निरीक्षकांनी तो इमानदारीत तोलला, त्याचे ऐंशी उष्मांक वजा केले आणि लिहिलं, तीनशे वीस.

"आणि हे?" आहारताईने कढईकडे बोट दाखवलं. तळाशी एकशे सत्तर ग्रॅम रस्सा होता, आणि वर तेलाचा लाल तवंग.

"ते काय?"

"हे काकूंनी खाल्लं नाही."

आहारताईने मांडून दाखवलं. साडेतीनशेतले एकशे दहा ग्रॅम पोटात गेले, म्हणजे चारशेतले सव्वाशे उष्मांक. तेही तेल रश्श्यात सारखं मिसळलंय असं धरून. ते तर वर तरंगत होतं आणि कढईला चिकटलं होतं, म्हणून खरा आकडा त्याहून कमीच.

संध्याकाळची पानं तिने मागे उलटली. "बटाट्याच्या काचऱ्या, तेल साठ ग्रॅम. तळून झाल्यावर कढईत किती उरतं?"

"चव्वेचाळीस," निरीक्षक म्हणाले. एकदम, न बघता. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर रंगेहाथ पकडलेल्या दुकानदाराचा भाव आला. तो त्यांनी आयुष्यभर काउंटरच्या अलीकडून पाहिला होता.

आहारताईने वही हातात घेतली आणि शेवटचं पान उघडलं. तिथे बारीक अक्षरात महिन्याचे सगळे दिवस होते. कढईत उरलेला रस्सा, उरलेलं तेल, काचऱ्यांखालच्या कागदाने शोषलेलं तेलसुद्धा. एकही दिवस चुकला नव्हता.

"मोजलंत सगळं," ती म्हणाली.

"मोजल्याशिवाय राहवत नाही हो."

"मग वजा का नाही केलंत?"

"वजा केलं असतं तर नळी आली असती." त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "खोटं काहीच लिहिलेलं नाही. कढईत घातलं तेच लिहिलं. उरलेलं मी पावाने पुसून खायचो. टाकवत नव्हतं. तिच्या नावावर लिहिलेलं."

आतल्या खोलीतून काकूंचा आवाज आला. "अहो, दार उघडंय. मला ऐकू येतंय."

दोघं आत गेली. काकू भिंतीला उशी लावून बसल्या होत्या.

"म्हणजे आजार परत आलेला नाही?" त्यांनी आहारताईला विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही, काकू. पण झिजण्याला एवढं कारण पुरेसं आहे. त्या शेवटच्या पानावरून दिसतंय, तुम्ही जेमतेम साडेसातशेवर जगताय. या अंगावर ते औषध झेपणार नाही."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. "मी नळी नको म्हटलं होतं. मला उपाशी ठेवून जाड व्हा, असं नव्हतं म्हटलं."

निरीक्षकांना एरवी यावर हसू आलं असतं. आलं नाही.

"करा वजाबाकी," काकू म्हणाल्या. "आणि सही करा. नेहमी करता तशी."

ते परत ओट्याजवळ जाऊन स्टुलावर बसले. अठ्ठावीस दिवसांची वजाबाकी करायला त्यांना दोन तास लागले. मध्ये एकदा आहारताईने मदत करू का विचारलं. ते नको म्हणाले. सरासरी सातशे बेचाळीस आली. त्यांनी सही केली, आणि सवयीने दोनदा पडताळून पाहिली.

वही पाहून डॉक्टरांनी गुरुवारी औषध सुरू केलं नाही, नळी घातली. काकू रडल्या नाहीत, पण दोन दिवस नवऱ्याशी बोलल्याही नाहीत. घरी कढई धुऊन पालथी ठेवली होती. निरीक्षक बाहेरून डबा आणत आणि अर्धा परत झाकून ठेवत.

तिसऱ्या दिवशी परिचारिकेने निरीक्षकांना नळीतून अन्न द्यायला शिकवलं. दोनशे मिली, सावकाश. झाल्यावर त्यांनी भांडं उजेडाकडे धरलं, तिरकं केलं, तळाशी पाहिलं.

"उरलं का काही?" काकूंनी विचारलं. नळीमुळे आवाज आणखीनच खोल गेला होता.

"सहा मिली."

काकूंनी डोळे मिटले.

"वजा करा," त्या म्हणाल्या.