खंडेनवमीची डिस्क

खंडेनवमीला माती परीक्षण प्रयोगशाळेला सुट्टी होती. तरी सकाळी पूजा करायला आलेल्या शामलाताईंना निकितानं थांबवून घेतलं. उद्या ती नोकरीसाठी हैदराबादला निघणार होती, आणि रिपोर्टांचा बॅकअप आता ताईंनाच घ्यायचा होता. त्यासाठी तिनं कॉम्प्युटरकडून ते काम करून घेणारी एक छोटी स्क्रिप्ट आणि सोबत मराठीत रीडमी, म्हणजे वापरायच्या सूचना, लिहिली होती.

"मी काही बोलणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं वाचून करा. अडलात तर माझं लिहिणं चुकलं."

"परीक्षाच की गं," ताई हसल्या. चष्मा लावून त्या मोठ्यानं वाचू लागल्या, "डिस्क लावा. ती 'ई' नावानं दिसेल. मग 'बॅकअप'वर दोनदा क्लिक करा." त्यांनी पर्समधून पेनड्राइव्ह काढून लावला. तो 'ई' नावानंच दिसला. पडद्यावर प्रश्न आला: सुरू करू का? हो असेल तर वाय दाबा.

ताईंचं बोट वायवर गेलं.

"थांबा!" निकितानं त्यांचा हात धरला. "डिस्क कुठंय?"

"तिथं." कोपऱ्यात चाळण्या आणि पीएच मीटरशेजारी, हळदीकुंकू लावलेली डिस्क झेंडूखाली होती. "पूजेतलं उद्यापर्यंत हलवत न्हाईत. म्हणून माझा लावला."

"ह्यात काय आहे?"

"ह्यांची भजनं. अणदूरला म्हणलेली."

ताईंचे यजमान भीमाशंकरकाका जाऊन तीन वर्षं झाली होती.

निकितानं पडद्यावरची ती खिडकी बंद केली. स्क्रिप्ट डिस्कला रिपोर्टांच्या फोल्डरसारखी हुबेहूब करायची. फोल्डरमध्ये नसलेलं सगळं पुसून टाकायची. हे रीडमीत कुठंच नव्हतं. तिला ते ठाऊक होतं, म्हणून लिहायचं राहिलं होतं.

तिनं स्क्रिप्टला नुसतं 'ई' न बघता डिस्कचं स्वतःचं नाव तपासायला लावलं. रीडमीच्या वरच लिहिलं: चुकीच्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. मग पुसायची ओळ तेवढ्यापुरती बंद करून, तोच पेनड्राइव्ह ठेवून ताईंना पुन्हा करायला सांगितलं.

"ही बॅकअपची डिस्क नाही. काहीही बदललेलं नाही," ताईंनी वाचलं. "शहाणं झालं की."

"भजनांची दुसरी प्रत आहे?"

"न्हाय."

निकितानं ती कॉम्प्युटरवर उतरवली आणि पेनड्राइव्ह काढून ताईंच्या हातात दिला. "प्रत उघडते का, हे ऐकून बघावं लागतं."

"म्या ऐकत न्हाय," ताई म्हणाल्या. "असू दे नुसतं." पेनड्राइव्ह पर्समध्ये ठेवता ठेवता म्हणाल्या, "लाव."

आधी खोकला आला. टाळ कुणीतरी खाली ठेवला. मग काकांचा आवाज: "शामला, पाणी आण गं जरा."

ताईंचा हात टेबलावरच्या तांब्याकडं गेला आणि तिथंच थांबला. भजन सुरू झालं. बाहेर सुट्टीचा रस्ता रिकामा होता.