कोणतेही तीन

पत्र माझ्या मुलीच्या नावाचं होतं, पण फोडलं मी. आमच्या घरी तिच्या नावाचं टपाल फोडायची मुभा मला आहे, कारण ती असते डोंगरात, रस्त्याच्या मोजणीवर, आणि महिना-दीड महिन्यातून चार दिवस घरी येते. शिवाय मी शिंपी. दुसऱ्याच्या शिवणी उसवण्यातच माझा निम्मा दिवस जातो.

पत्र एका मुलाचं होतं. तिच्याच कॉलेजचा, तिच्यापेक्षा तीन वर्षं मागचा. ‘आदरणीय ताई, आपली ओळख नाही,’ अशी सुरुवात. कॉलेजच्या गुणवंतांच्या फलकावर तिचं नाव वाचून त्यानं कार्यालयातून पत्ता मिळवला होता. अनोळखी बाईमाणसाला एकदम फोन करणं बरं दिसत नाही म्हणून पत्र लिहितोय, असंही त्यानं लिहिलं होतं. हे वाक्य वाचून मी बायकोला हाक मारली. म्हटलं, ‘‘अगं ये, वाच. अशी पोरं अजून शिल्लक आहेत.’’

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. मोजणीच्या विषयाच्या मूळ परीक्षेच्या वेळी तो हॉस्पिटलात होता. तोवर अभ्यासक्रम बदलला. आता वर्गातली सगळी मुलं नव्या अभ्यासक्रमाची, हा एकटा जुन्याचा. पेपर वेगळा, पण बसायला-उठायला, अभ्यासाला सोबत त्याच मुलांची. जुन्या पेपरचे गठ्ठे लायब्ररीनं काढून टाकलेले. दोनदा परीक्षा दिली, दोनदा नापास. पहिल्यांदा छत्तीस, दुसऱ्यांदा सदतीस. पास व्हायला चाळीस लागतात. ‘दोन्ही वेळा मी सहा प्रश्न पूर्ण सोडवले, एक ते पाच आणि आठवा. उत्तरंही पुस्तकाशी ताडून पाहिली, बरोबर होती. फेरमोजणीसाठी अर्ज केला, गुणांत बदल झाला नाही. म्हणजे माझंच कुठेतरी कमी पडतंय.’ जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची परीक्षा होती. यात गेला तर नव्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षापासून पुन्हा सगळं. परीक्षेला तीन आठवडे उरले होते. ‘पहिल्या भागावर माझी पकड आहे. तो इतका पक्का करायचा आहे की परीक्षकाला बोट ठेवायला जागा राहू नये. तरी पहिल्या भागाच्या नोट्स आणि जुने पेपर मिळाले तर उपकार होतील. झेरॉक्स काढून मूळ कागद परत करीन.’ खाली फोन नंबर होता.

मी पत्र दोनदा वाचलं. एवढं अपयश सांगायचं आणि एका शब्दानं कुरकुरायचं नाही! ना मास्तरांच्या नावानं खडे, ना नशिबाच्या नावानं. मी तर काजाचा धागा तुटला तरी दोरा बनवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरतो.

माळ्यावरची ट्रंक खाली काढली. बायको म्हणाली, ‘‘अहो, सगळंच पाठवा की. माळा तरी मोकळा होईल.’’ तिचं त्या ट्रंकेशी जुनं वैर आहे. मी तिकडे दुर्लक्ष केलं. मुलीचं काम मोठं व्यवस्थित. पहिल्या भागाच्या वह्या वेगळ्या, दुसऱ्याच्या वेगळ्या, आणि सात वर्षांचे पेपर सुतळीनं बांधलेले. मुलानं मागितलं होतं तेवढंच काढलं, पहिल्या भागाच्या वह्या आणि पेपर. अस्तराच्या कापडात गुंडाळून चारी बाजूंनी टाका घातला. असं पार्सल फाटायची बिशाद नाही.

पार्सल सकाळी जायचं, तर मुकादम आदल्या संध्याकाळीच हजर. मुकादम म्हणजे आमची मुलगीच. आईनं ते नाव ती पाच वर्षांची असताना ठेवलं, कारण घरातल्या सगळ्यांना कामाला लावणं हा तिचा आवडता खेळ होता. चेहरा उन्हानं रापलेला, बुटांना माती. पाणी प्यायला बसली आणि मी पत्र पुढे केलं. वर शेखीही मिरवली, ‘‘पार्सल बांधूनसुद्धा झालं. तुला काही करायला नको.’’

ती वाचत गेली. मग पुन्हा वरून वाचायला लागली. ग्लास हातातच राहिला.

‘‘बाबा, पार्सल उसवा.’’

‘‘का? काय राहिलं?’’

‘‘राहिलं नाही. हे पाठवलंत तर तो तिसऱ्यांदा नापास होईल.’’

मला राग आला. मी म्हटलं, ‘‘तुझ्याच वह्या आहेत ना? त्यानं मागितलं तेच दिलंय.’’

‘‘त्यानं मागितलंय तेच चुकीचं आहे.’’ तिनं स्वतःच कात्री घेतली आणि माझे सगळे टाके उसवले. सुतळी सोडून वरचा पेपर माझ्यासमोर धरला. ‘‘प्रश्नांच्या वर काय लिहिलंय ते वाचा.’’

वर बारीक अक्षरांत सूचना होत्या. चष्मा लावून वाचल्या. पहिल्या भागातील कोणतेही तीन प्रश्न सोडवा. दुसऱ्या भागातील कोणतेही तीन प्रश्न सोडवा. जादा प्रश्न तपासले जाणार नाहीत.

‘‘पहिला भाग एक ते पाच, दुसरा सहा ते दहा,’’ ती म्हणाली. ‘‘त्यानं कोणते सोडवले? एक ते पाच आणि आठवा. म्हणजे पहिल्यातले पाच, दुसऱ्यातला एक. पहिल्यातले तीन तपासले, दोन सोडून दिले. दुसऱ्यातला एक तपासला. सोळा-सोळाचे फक्त चार प्रश्न हिशेबात आले. प्रत्येकी नऊ मिळाले असं धरा. नऊ चोक छत्तीस. सहाही धरले असते तर चोपन्न झाले असते. बाबा, हा पोरगा नापास नाहीच आहे!’’

‘‘मग फेरमोजणीत कळलं कसं नाही?’’

‘‘फेरमोजणीत दिलेलेच गुण पुन्हा मोजतात. न तपासलेला प्रश्न का तपासला नाही, ते कोण सांगणार? नव्या पेपरात भागच नाहीत, कोणतेही सहा सोडवायचे. तो अभ्यासाला त्या मुलांत बसतो, सवय त्यांची लागली. आणि सूचना कोण वाचतं? हातात पेपर पडला की जो तो येणारा प्रश्न शोधतो.’’

मी पाठवणार होतो त्या वह्या वाचून त्यानं पहिला भाग आणखी घोटला असता आणि आणखी प्रेमानं पाचही प्रश्न सोडवले असते. मी त्या वह्या उचलून परत ट्रंकेत ठेवल्या.

तिनं लगेच फोन लावला, स्पीकरवर. स्वतःचं नाव सांगितलं आणि नमस्कार-चमत्कारात वेळ न घालवता विचारलं, ‘‘पेपरावरच्या सूचना वाचल्या होत्यास का रे?’’

‘‘सूचना? म्हणजे... सहा सोडवायचे असतात ना, ताई?’’

तिनं त्या ओळी वाचून दाखवल्या. सावकाश, एकेक शब्द. मग तो एवढंच म्हणाला, ‘‘दोन्ही वेळा?’’

‘‘दोन्ही वेळा.’’

तो रडत होता, पण आवाज दाबून. बायको पदर तोंडाला लावून आत गेली. मुकादम मात्र ठाम. म्हणाली, ‘‘रडून घे, पण पाचच मिनिटं. पहिल्या भागाला आता हात लावायचा नाही. तो तुझा झालाय. दुसऱ्यातलं काय येतं ते सांग.’’

‘‘मातीकामाची गणितं येतात. बाकीचं कधी नीट पाहिलंच नाही.’’

मग चार दिवसांच्या सुट्टीतले दोन दिवस माझं कापणीचं टेबल तिनं ताब्यात घेतलं. गिऱ्हाइकाचं अर्धवट कापलेलं जाकीट उचलून बाजूला ठेवलं. मला विचारलं नाही. साती पेपर ओळीनं मांडले, दुसरा भाग वर करून. माझ्याच खडूंनी खुणा: रस्त्याच्या वळणाचं गणित निळी रेघ, मातीकाम पांढरी, मोजणीच्या यंत्रातल्या चुका पिवळी. निळी आणि पांढरी रेघ प्रत्येक पेपरावर उमटली. पिवळी दोन वर्षं सोडून सगळीकडे.

‘‘म्हणजे हेच येणार,’’ मी म्हटलं.

‘‘असं नसतं, बाबा. जुना पेपर पुढच्याची हमी देत नाही, वारा कुठून आहे तेवढं सांगतो. तीनवर विसंबायचं नाही. चौथा विषय हाताशी हवा.’’ तिनं उंची-अंतर दुर्बिणीतून काढायचं प्रकरण चौथं म्हणून निवडलं.

त्या चार विषयांची पानं तिनं वह्यांतून काढली. उत्तरं मात्र आधी पाठवली नाहीत. आधी नुसते प्रश्न. त्यानं घड्याळ लावून सोडवायचे, फोटो पाठवायचे, मग तिनं तपासायचं. सुट्टी संपून ती डोंगरात गेली तरी हा उद्योग चालूच राहिला. दुपारच्या जेवणात एका हातात डबा, दुसऱ्या हातात त्याचं उत्तर. आकृतीचे गुण वेगळे, सूत्राचे वेगळे, एकक विसरलास तर एक कापला. उत्तर चुकलं तरी पायऱ्या बरोबर असतील तर गुण मिळतात, म्हणून खाडाखोड करू नकोस, हे तिनं त्याला इतक्यांदा बजावलं की माझं पाठ झालं. तो सुरुवातीला सोळापैकी चार आणायचा. मग सात. मग एके दिवशी अकरा, आणि त्या दिवशी तिनं ही बातमी मला मुद्दाम फोन करून सांगितली. स्वतःला पहिला नंबर मिळाला तेव्हा तिनं फोन केला नव्हता. मला माझ्या मुलीचा अभिमान आहे हे मी सगळ्यांना सांगतो, पण तो नेमका कशाचा, ते मला त्या दिवशी कळलं.

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी फोन दुकानात वाजला. ती रेंजच्या बाहेर होती म्हणून त्यानं मला केला.

‘‘काका, बावन्न.’’

मी हातातली कात्री खाली ठेवली. मी म्हटलं, ‘‘शाब्बास रे पोरा. किती बरं वाटलं म्हणून सांगू!’’

‘‘काका, ताईंना आणखी एक सांगाल? वेगवेगळ्या वर्गांतले जुन्या अभ्यासक्रमाचे आम्ही सगळे एकाच खोलीत होतो, नऊ-दहा जण. सगळ्यांची शेवटचीच वेळ. पेपर वाटले आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. सूचना कोणी बघेचना. मला तर बोलायची परवानगी नाही. मग मी हात वर केला. पर्यवेक्षक आले, तर त्यांना म्हटलं, मला बारीक अक्षर लागत नाही, सूचना मोठ्यानं वाचून दाखवता का?’’

‘‘मग?’’

‘‘ते वैतागले. म्हणाले, एवढंही वाचता येत नाही तर परीक्षेला कशाला येता? सगळे माझ्याकडे बघून हसले. पण वाचलं त्यांनी, मोठ्यानं. ‘पहिल्या भागातील कोणतेही तीन’ म्हटल्याबरोबर माझ्या मागच्या बाकावरच्या मुलीनं पान उलटल्याचा आवाज आला. बाहेर आल्यावर ती मुलगी माझ्यासमोर नुसती उभी राहिली. तीही दोनदा पाच-पाच सोडवून आली होती.’’

दुकानात गिऱ्हाईक आलं होतं. मी त्याला हातानंच थांबवलं.

‘‘आज पास झालेल्यांची यादी लागली ना, काका,’’ तो म्हणाला, ‘‘तिचा बैठक नंबर माझ्या लगेच पुढचा. मी आधी तोच पाहिला.’’