वियामचं कडं

वियामला कडं सापडलं आणि गिझलानच्या पोटात दुखायला लागलं.

कडं आकाशातलं. मधे एक अवजड दीर्घिका, तिच्या पार मागे नेमकी त्याच रेषेत दुसरी. पुढचीच्या वजनाने मागचीचा प्रकाश चहूबाजूंनी वाकून येतो आणि आपल्याला कडं दिसतं. मराकेशच्या विद्यापीठात दोघी चार वर्षं दुर्बिणीच्या चित्रांत असली कडी शोधत होत्या. हेच चित्र आधी गिझलानच्या हाताखालून गेलं होतं. कडं मधल्या दीर्घिकेचंच आहे, असं ठरवून तिनेच ते बाद केलं होतं. आणि ही वियाम, मेली, बाद चित्रांचा उकिरडा उपसत बसली! आता शोधनिबंध तिच्या नावावर निघणार. दोघींचे प्राध्यापक, उस्ताद तिजानी तर जाता-येता "आमची वियाम, आमची वियाम" करत होते.

उपाय एकच, कडं खोटं ठरायला हवं. वर्णपटावरून अंतर कळतं. कडं आणि मधली दीर्घिका एकाच अंतरावर निघाली, की प्रकाश वाकल्याचा प्रश्नच मिटला. वर्णपट चिलीच्या दुर्बिणीतून आला, आणि तो सोडवायचं काम गिझलानकडेच होतं. तिने नेहमीचा प्रोग्राम दोनदा चालवला, एकदा दीर्घिकेसाठी, एकदा कड्यासाठी. दोन्ही अंतरं तंतोतंत एक! मूळ पट्टी, म्हणजे वर्णपटाचं कच्चं चित्र, उघडून बघायचं तिच्या मनातही आलं नाही. हवं ते हाती लागल्यावर कोण तपासत बसतंय?

दुपारच्या पुदिन्याच्या चहाला तिने तोंड उघडलं.

"उस्ताद, सांगायला वाईट वाटतं, पण कडं खोटं आहे." वाईट कसलं, मनात उकळ्या फुटत होत्या.

वियामचा चेहरा पडला. "मूळ पट्टी दाखवतेस का ग?"

"दाखवते की. पोटभर बघ."

पट्टी पडद्यावर आली. मधोमध दीर्घिकेची ठळक रेघ. तिच्या वर एक फिकट ठिपका, खाली एक. दोन्ही एकाच तरंगलांबीवर, दोन्ही ऑक्सिजनच्या नेहमीच्या जोडरेषेचे, पण लाल बाजूला खूपच सरकलेले. गिझलानच्या एका नजरेत सगळं लक्षात आलं. प्रोग्राम सगळ्यात ठळक रेघच धरतो, हे नवशिक्यांना तीच बजावत असे. तिने दोन्ही वेळा मधली दीर्घिकाच मोजली होती. वर-खालचे ठिपके म्हणजे कड्याच्या दोन बाजू, मागच्या एकाच दीर्घिकेचा दोन वाटांनी आलेला प्रकाश.

वियामने तिथल्या तिथे हिशेब मांडला. कडं मधल्या दीर्घिकेच्या दुपटीहून लांब निघालं.

"खरं आहे!" उस्ताद ओरडले. "पण गिझलान, तू ही पट्टी बघितलीच नव्हतीस?"

गिझलान चहाचे पेले गोळा करू लागली.

"जाऊ द्या हो उस्ताद, दमली असेल," म्हणत वियामने तिला मिठी मारली. "हिच्या वर्णपटाशिवाय कडं सिद्धच झालं नसतं. निबंधावर हिचं नाव आधी, मग माझं."

मेलीने चारचौघांत दोन टोमणे मारले असते तरी चाललं असतं. गिझलान मिठीत ताठ उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आभारी आहे."