एकोणीस गुडघ्यांचा निकाल

फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या ताईंना जर्नल क्लबमध्ये पाच मिनिटं मिळाली होती. एवढ्या वेळात गुडघेदुखीवरच्या व्यायामाच्या एका शोधनिबंधाची तारीफ करायची, चिरफाड करायची आणि निकालही द्यायचा. पहिल्या बाकावर त्यांचे गाइड सर प्रबंधांच्या फायलींवर सह्या करत बसले होते. दर आठवड्याला ते हेच करायचे, आणि न वाचता सही करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तिसरी फाइल ताईंची होती. प्रबंध जमा करायची मुदत आज संध्याकाळपर्यंत होती, म्हणजे सही चुकली की सहा महिने गेले.

"आधी गुण सांगते," ताई म्हणाल्या. "गट चिठ्ठ्या टाकून पाडलेत. गुडघे तपासणाऱ्याला कोण कुठल्या गटात ते माहीत नव्हतं. इथवर झकास."

मग त्या दोषांवर आल्या आणि त्यांना भलताच चेव चढला. व्यायामाच्या गटात साठ जण होते. त्यातले एकोणीस मध्येच सोडून गेले, साध्या सल्ल्याच्या गटातले मात्र दोनच. लेखकांनी सोडून गेलेल्यांना सरळ वगळलं आणि उरलेल्यांवर जाहीर केलं की व्यायाम रामबाण आहे.

"ते एकोणीस गेले कुठे?" मागून शंकासुरानं विचारलं. वर्गानं त्याला हे नाव उगाच दिलं नव्हतं.

"दुखणं वाढलं म्हणून घरी बसले असतील," ताई म्हणाल्या. "ज्यांना जमलं नाही त्यांना हाकलायचं आणि मग शंभर टक्के निकाल लावायचा. ज्याला ज्या गटात घातलं, त्याला शेवटपर्यंत त्याच गटात मोजायचं असतं. एवढं साधं कळू नये?"

वर्ग हसला. सरांनी दुसरी फाइल बाजूला सारली.

ताईंची नजर तिसऱ्या फायलीवर गेली. त्यांच्या स्वतःच्या प्रबंधात खांदेदुखीचे चाळीस जण व्यायामाच्या गटात होते. अकरा पुन्हा आलेच नाहीत. 'आकडे बिघडवतात मेले' म्हणत त्यांनी ते अकरा वगळले होते, आणि आकडे कसे गोजिरे दिसायला लागले होते. परक्याचं कुसळ दिसायला पाच मिनिटं पुरली, घरच्या मुसळाला दोन वर्षं लागली. त्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली.

घड्याळात अर्धं मिनिट उरलं होतं. सरांनी तिसरी फाइल उघडली. गप्प राहिलं असतं तरी कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"निकाल," ताई म्हणाल्या. "या निष्कर्षावर विश्वास ठेवू नये. माझ्या प्रबंधावरही नको. मीही अकरा जण असेच गाळलेत."

सरांनी पेनाला टोपण लावलं, चष्मा पुसला आणि फाइलकडे अतिशय दुःखी चेहऱ्यानं पाहिलं.

"म्हणजे आता ही वाचावी लागणार," ते म्हणाले.